पडताना हात कुठे जातात

कारंजाच्या स्टँडवर एसटीतून उतरताना वैजयंतीचा पाय शेवटच्या पायरीवरून निसटला आणि ती पडली. पडली म्हणजे कमरेवर आपटली, एक हात खांद्यावरच्या बॅगेकडे गेला, दुसरा उगाच वर, हवेत. वर कशाला गेला? धरायला तिथे काहीच नव्हतं. आणि बुड जमिनीला टेकताक्षणी तिने काय केलं तर गुडघा पाहिला नाही, कोपर पाहिलं नाही, मान फिरवून आधी पाहिलं की कोणी पाहिलं का. फाटकाजवळ बोरं घेऊन बसलेल्या बाईने पाहिलं होतं. "लागलं काय वं बाई?" तिने विचारलं. "नाही, नाही, काही नाही," असं म्हणत वैजयंती उठलीसुद्धा, आणि दुखणं मागून आलं, ऑटोत बसल्यावर, कमरेच्या हाडातून सावकाश वर चढत. एवढंच झालं. रोज कुणी ना कुणी त्या स्टँडवर घसरत असेल. पण ऑटो बाजार समितीच्या बाजूने वळला तरी तिच्या डोक्यातून ते पडणं जाईना, कारण ती आत्ता जिकडे चालली होती तिथे पुढचा दीड तास तिला हेच काम होतं: पडणाऱ्या माणसांकडे पाहायचं आणि सांगायचं की हा खरा पडला की खोटा. आणि आत्ताच्या आपल्या पडण्याला तिने स्वतः नियमाप्रमाणे नाटकाचं पिवळं कार्ड दाखवलं असतं. हात वर, नजर बघणाऱ्यांवर, दुखण्याच्या आधी उठणं. तिला हसू आलं आणि त्या हसण्याखाली बारीकशी भीती लागली.

शाळेत ती पीटी शिकवत होती आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलच्या सामन्यांत रेफरी असायची. रेफरी व्हायचं तिने ठरवलं नव्हतं. अकोल्याला रेफरींचा वर्ग होता, शाळेतून कुणाला तरी पाठवायचं होतं, हिला पाठवलं. कंटाळतच गेली होती. तिसऱ्या दिवशी तिथल्या सरांनी खोलीत अंधार केला आणि भिंतीवर पडणारी माणसं दाखवली, नुसती पडणारी, हळूहळू, पुन्हा पुन्हा. आणि वैजयंती थक्क झाली. खरंच थक्क. माणूस पडतो हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं, पण त्या एका क्षणात शरीर किती कामं करतं हे तिला कधी दिसलं नव्हतं. ज्याचा पाय अडवला गेला त्याचा तो पाय मागे राहतो आणि वरचं अंग पुढे निघून जातं. तेवढ्यात मान आत वळते, हात खाली धावतात, पुढे किंवा बाजूला, जमीन येण्याआधी जमिनीला भेटायला. कुणी सांगत नाही त्या हातांना. विचाराला तेवढा वेळच नसतो. आणि जो नाटक करतो त्याचे हात खाली जात नाहीत, वर जातात, कोपरात वाकून. छाती पुढे, डोकं मागे, दोन्ही गुडघे एकदम मुडपलेले, अंगाचा ताणलेला बाक. सर म्हणाले होते, अशा आकारात माणूस आपोआप पडूच शकत नाही, तो आकार करावा लागतो. मग त्यांनी बाकीचं सांगितलं. धक्का कधी लागला आणि पडला कधी, मधे फट आहे का ते बघा. धक्का डावीकडून आणि पडणं पण डावीकडेच, असं कसं, ते बघा. चेंडू स्वतःच लांब ढकलून दिला, आता तो हाती लागणार नाही हे ठाऊक आहे, मग मागचा पाय रेंगाळत ठेवून समोरच्याचा पाय शोधायला जातो का ते बघा. कुठे लागलं आणि धरलं काय ते बघा. आणि आधी कुणाकडे बघतो? आपल्या पायाकडे की तुमच्याकडे?

पण तेच सर शेवटी म्हणाले होते की यातली एक खूण पुरत नाही. पडला म्हणजे फाउल नाहीतर नाटक, असं नसतं. माणूस नुसताही पडतो, मग खेळ चालू ठेवायचा आणि शिट्टी खिशात. आणि हे सगळं दिसण्यासाठी तुम्ही बाजूला पाहिजे, मागे नाही, दोघांच्या पायांमधून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. तो उजेड दिसला नाही तर तुम्ही अंदाज करता, आणि अंदाज करताना माणूस नावाकडे पाहतो. हे वाक्य तिने तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं. तिला उजेडाचंच कौतुक वाटलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस ती बाजारात, शाळेच्या जिन्यावर माणसांच्या पायांमधल्या जागेकडे बघत चालायची. नवरा म्हणायचा, हिचं काहीतरी हरवलं आहे.

मैदानावर चुन्याच्या रेघा अजून ओल्या होत्या. जानेवारीचं ऊन, खाली काळी माती, रोलर फिरवूनही जागोजागी उललेली. अंतिम सामना कारंजा आणि कामरगावचा, आणि कारंजातच, म्हणजे चारी बाजूंनी माणसं एकाच टीमची. तिच्याबरोबर लाइनवर झेंडा घेऊन धम्मरत्न होता, ग्रामपंचायतीत नोकरीला, चांगला शांत माणूस. बुटाच्या नाड्या बांधता बांधता त्याने मोबाइल पुढे केला. "मॅडम, हे पाहून घ्या. कामरगावचा दहा नंबर. प्रज्वल." पडद्यावर एक सडपातळ मुलगा पडत होता, वेगवेगळ्या मैदानांवर, वेगवेगळ्या शर्टांत, कुणीतरी जोडून जोडून बनवलेलं, मागे ढोलकी लावलेली. कारंजाच्या माइकवर सामना सांगणाऱ्या बादलने त्याला लोटांगण्या नाव ठेवलं होतं, ते नाव आता जिल्हाभर होतं. "एकदा खोटं पडून पेनल्टी घेतली त्यानं, दोन साल झाले," धम्मरत्न म्हणाला. "तेव्हापासून त्याले खरं लागलं तरी कोणी देत नाई. अन् आज निवडवाले बसून हायेत, जिल्ह्याच्या टीमचे. ते म्हणते, पोरगा लय भारी हाय, पण असा पोरगा घेतला तं रेफरी आपल्या सगळ्या टीमकडेच वाकड्या नजरेनं पाह्यते. आज लाल कार्ड झालं तं त्याचं नाव कटलं समजा." वैजयंतीने मोबाइल परत दिला. पाहायला नको होतं असं तिला वाटलं. आता मैदानावर तो यायच्या आधीच त्याचं पडणं येऊन बसलं होतं, आणि ते तिच्या डोळ्यांतून कसं काढायचं?

तो खेळायला लागला आणि ती ते विसरली. इतका सुंदर धावत होता तो. चेंडू पायाशी आला की पावलं बारीक व्हायची, खांदा एकीकडे जायचा आणि तो दुसरीकडून निघालेला असायचा. कारंजाचा बचावातला हरीओम, आडव्या अंगाचा, दणकट, दर वेळी त्या खांद्यामागे जायचा आणि रिकाम्या जागेत उभा राहायचा. वैजयंतीला वाटलं, हे असं ज्याला येतं त्याला खोटं पडायची काय गरज? आणि मध्यांतराआधी तो खोटं पडला. अगदी तिच्यासमोर. डावीकडून आत शिरला, चेंडू जरा जास्त पुढे ढकलला गेला, तो आता गोलरेषेच्या बाहेर जाणार हे त्याला कळलं आणि तिलाही कळलं. हरीओमने पाय टाकला आणि आवरून मागे घेतला. दोघांच्या मधून तिला पलीकडचा चुना दिसला, स्वच्छ, हातभर. आणि मग प्रज्वलचे दोन्ही गुडघे एकदम मुडपले, छाती पुढे आली, हात कोपरात वाकून वर गेले, तोंडातून आवाज निघाला आणि जमिनीवर पोहोचायच्या आधी डोळे तिच्याकडे वळले होते. गुडघा धरला तोही दुसऱ्याच पायाचा. अकोल्याच्या भिंतीवरचा आकार, जसाच्या तसा. तिने शिट्टी मारली, पिवळं कार्ड दाखवलं, कारंजाला अप्रत्यक्ष फ्री किक दिली आणि चेंडू दुसऱ्याला लागेपर्यंत एक हात डोक्यावर सरळ उभा धरून थांबली. माइकवर बादल ओरडला, "अन् हे घातलं लोटांगण! देव पावला नाई, मॅडम पावल्या!" मैदान हसलं. कामरगावचेही दोघे-तिघे हसले. प्रज्वल म्हणाला, "लागलं होतं मॅडम," पण तिच्याकडे न बघता.

कार्ड बरोबर होतं. त्याबद्दल तिच्या मनात तेव्हाही शंका नव्हती. पण दुसऱ्या अर्ध्यात तिने जे पाहिलं त्याने ती हादरली. ते कार्ड जणू त्याला नाही, हरीओमला मिळालं होतं, पास म्हणून. तो आता पाय आवरत नव्हता. चेंडू गेल्यावर टाच, वळताना कोपर, उडी मारताना कमरेला ढुंगणाचा धक्का. मैदानाच्या मध्यावर तिने एक फाउल दिला तर चारी बाजूंनी "फसल्या, मॅडम फसल्या!" अशी आरोळी उठली, आणि तिला जाणवलं की पुढचा द्यायच्या आधी आपला हात कणभर थबकतो आहे. प्रज्वल पडला की त्याच्या टीममधलं कुणी तिच्याकडे धावून येत नव्हतं. त्याचाच कप्तान त्याला म्हणाला, "उठ बे, काहून तमाशा करून राह्यला." आणि तो उठायचा. लागलेलं असलं तरी उठायचा, आधीपेक्षा लवकर, चोळायचासुद्धा नाही. वैजयंतीला तिच्या वडिलांची आठवण झाली, का ते तेव्हा कळलं नाही. जानराव म्हणजे एके काळी मानोरा तालुक्यातला कबड्डीचा गडी. पोहरादेवीच्या यात्रेत सामने व्हायचे तेव्हा ती आईच्या मांडीवर बसून बघायची. सात जण एका माणसाला वेढतात, कुणीतरी घोट्याला हात घालतो, आणि वडील पडायचे. पण ते पडणं तिला पडण्यासारखं वाटायचंच नाही. ते अख्खं अंग लांब करून पुढे फेकायचे आणि उजवा हात रेघेकडे जायचा, बोटं मातीत चालत पुढे सरकायची, घोटा मागे अडकलेला आणि दम अजून तोंडात. बोट रेघेला लागलं की सुटले. आई म्हणायची, त्याईचं अंग जमिनीवर पडते पण हात घरी येते.

बरोबरी होती, एक-एक, आणि सामना संपत आला होता. मधून चेंडू निघाला, प्रज्वल हरीओमच्या पुढे गेला, समोर फक्त गोलकीपर. वैजयंती आधीच धावत होती, तिरकी, डावीकडे बाहेर, मागून बघायचं नाही हे पायांना आता पाठ होतं, आणि कमरेचं हाड प्रत्येक पावलाला ओरडत होतं. ती बाजूला पोहोचली तेव्हा ते दोघं पेनल्टीच्या चौकोनात शिरले होते. हरीओमने मागून पाय लांबवला, चेंडूसाठीच, पण चेंडू तिथे नव्हता. पलीकडचा उजेड बंद झाला. एवढंच: दोघांच्या पायांमधली जागा क्षणभर मिटली आणि प्रज्वलची उजवी टाच किंचित आत ढकलली गेली. तो पडला नाही. त्याने पुढचं पाऊल टाकलं, आणि मग तोच उजवा पाय स्वतःच्याच डाव्या पोटरीवर जाऊन आदळला, पाय पायात अडकला आणि तो पडला. एक पाऊल उशिरा. साऱ्या मैदानाने पाहिलं ते हे, की धक्का बसला असेल-नसेल, पोरगा पुढे गेला, आणि मग पडला. साऱ्या मैदानाने त्या मधल्या पावलात नाटक पाहिलं. पलीकडे धम्मरत्नचा झेंडा खाली होता, त्याच्या आणि त्या टाचेच्या मधे हरीओमचं सगळं अंग होतं. वैजयंतीने शिट्टी ओठात धरली आणि फुंकली नाही. वर्गात शिकवलं होतं, एक श्वास थांबा, डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यापर्यंत पोहोचू द्या. आणि त्या एका श्वासात तिला त्याचे हात दिसले.

वर गेले नव्हते. छाती पुढे आली नव्हती. अख्खं अंग लांब होऊन पुढे फेकलं गेलं होतं, डावा हात पोटाखाली, आणि उजवा पुढे, ताणून, बोटं मातीत, आणि ती बोटं जमिनीवर चालत होती, पुढे सरकत, काहीतरी शोधत. तिथे रेघ नव्हती. गोलरेषा लांब होती, चेंडू गोलकीपरच्या कुशीत होता, त्या मातीत शोधण्यासारखं काहीच नव्हतं, तरी बोटं जात होती. तिने ते पडणं ओळखलं. हा गडी आहे. कामरगावच्या कुठल्याशा मैदानात फुटबॉलच्या कितीतरी आधी हा कबड्डी खेळलेला आहे, याच्या घोट्याला काही लागलं की याचं अंग असंच पडतं, आणि ते त्यालाही ठाऊक नाही. मध्यांतराआधीचं पडणं तो मोबाइलवर बघून शिकला होता, दूरदेशच्या कुणाचं तरी, म्हणून ते इतकं नीट होतं. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मोबाइलवरच्या त्या जोडलेल्या तुकड्यांतही, आता तिला आठवलं, अर्धी पडणी अशीच होती, लांब, हात पुढे; आणि फुटबॉलच्या डोळ्यांना ती सूर मारल्यासारखी दिसली होती, अतिशयोक्त, हसण्याजोगी. या भागात प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी कबड्डी खेळलेलं आहे. एवढी माणसं मैदानाला वेढून बसली आहेत आणि कुणालाच ओळखू येत नाही! माणसाच्या शरीरात हे सगळं भरलेलं असतं, कुठल्या गल्लीतली माती, कुणी कधी धरलेला घोटा, आणि ते एका पडण्यात बाहेर येऊन सगळ्यांसमोर पसरतं, आणि आपण त्यावर ढोलकी लावतो. इतकं मोठं काहीतरी आपल्यासमोर मातीत पडलं आहे आणि आपल्या हातात फक्त एक शिट्टी आहे असं तिला वाटलं.

तिने शिट्टी फुंकली. आणि शिट्टीच्या आवाजासरशी प्रज्वल उठला. उठला कसला, उडालाच, त्या टाचेवर, आणि दोन्ही तळहात पुढे धरून तिच्याकडे धावत आला. "काही नाई मॅडम! नाई लागलं! मीच पडलो, घसरलो मी! त्यानं नाई मारलं!" मागून हरीओम ओरडत होता, "दुसरं कार्ड द्या मॅडम! दुसरं! लाल!" माइकवर बादल काहीतरी म्हणाला आणि सगळीकडून हसू उसळलं, आणि त्या हसण्याच्या मध्यभागी हा मुलगा उभा होता, चेहऱ्यावरचं रक्त उतरलेला, उजवा पाय जमिनीला जेमतेम टेकवून, आणि जीव तोडून खोटं बोलत होता. आपल्याला लागलं नाही म्हणून. पेनल्टी नको, सामना नको, फक्त ते दुसरं कार्ड, दोन पिवळ्यांचं लाल करणारं, खिशातून बाहेर येऊ नये. त्याने खरं सांगायचं सोडून दिलं होतं, कारण त्याचं खरं आता फक्त त्याच्याविरुद्ध चालत होतं. लागलेलं नसताना लागलं म्हणणाऱ्याला कुठलं कार्ड ते नियमात आहे. लागलेलं असताना नाही लागलं म्हणणाऱ्याचं काय करायचं, हे अकोल्याच्या सरांनी सांगितलं नव्हतं.

वैजयंतीने हात लांब केला आणि पेनल्टीच्या ठिपक्याकडे दाखवला. मग हरीओमकडे वळून त्याला पिवळं कार्ड दाखवलं. गोल होण्याची उघड संधी त्याने अडवली होती, पण पाय चेंडूसाठी टाकला होता म्हणून पिवळं, लाल नाही. हसू मधेच तुटलं. मग आरडाओरडा सुरू झाला, एका बाजूने काहीतरी मैदानात येऊन पडलं, पाण्याची बाटली असावी. हरीओम तिच्या तोंडासमोर आला. "मॅडम, तो स्वतः म्हणून राह्यला नं नाई लागलं! त्याले तं विचारा!"

"मागे हो," ती म्हणाली. "दहा पावलं मागे."

प्रज्वल जागचा हलला नव्हता. त्याला आनंद झालेला दिसेना. तो जवळ आला आणि हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाला, "मॅडम, नका देऊ. तुमाले बी नाव ठेवतीन. कोणी मानणार नाई हे."

"तुले विचारलं काय मी?" वैजयंती म्हणाली. शाळेत, मैदानावर ती कधी असं बोलत नसे. घरचं बोलणं तोंडात आलं होतं. "मी पाह्यलं. टाचेले लागलं तुया. अन् पडला तू खरा."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला बहुधा ते वाक्य कळायला वेळ लागत होता, पुष्कळ दिवसांत कुणी म्हटलं नसावं. मग तो खाली बसला, दोन्ही हात जमिनीवर टेकवून, म्हातारी माणसं बसतात तसा, आणि मोजा खाली ओढला. टाचेच्या वर कातडं सोललं होतं आणि घोटा फुगायला लागला होता. मग तो मागे रेलला आणि आडवा झाला, आणि डोळ्यांवर हात घेऊन मोठ्याने रडायला लागला, लागलं म्हणून.

वैजयंतीने बाहेर हात करून डॉक्टरांना आत बोलावलं. मैदानातल्या कुणालाच हसू आलं नाही. तो बराच वेळ तसाच पडून राहिला आणि तिने त्याला ऊठ म्हटलं नाही.